नापासबाईचा पुढे पाठवण्याजोगा मेल

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे नापासबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकोणीस वर्षं तिचं काम एकच: पुठ्ठ्याचं खोकं दाबयंत्राच्या दोन पाट्यांमध्ये ठेवायचं, ते कोसळेपर्यंत दाब वाढवत न्यायचा आणि कोसळतानाचा आकडा वहीत लिहायचा. आकडा कमी आला की माल नापास. मग मालक येवो नाहीतर त्याचा मेहुणा, बाई आपल्या जागची हलायची नाही; उलट पास करा म्हणायला कोण आलं होतं, तेही वहीच्या एका रकान्यात लिहून ठेवायची.

कारखाना बंद पडला त्याला आता चार महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत तिने तेवीस ठिकाणी अर्ज केले. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जाऊन तेच रकाने पुन्हा पुन्हा भरले. ‘अर्ज मिळाला’ असं यंत्राचं उत्तर यायचं आणि त्यापुढे शुकशुकाट. वय सत्तेचाळीस. घरी बसून ती डाळीचे डबे आकाराप्रमाणे लावायची, आणि घड्याळं दुरुस्त करणारा तिचा नवरा म्हणायचा, “आता माझी घड्याळं नापास करू नकोस म्हणजे मिळवली.”

चोविसावी जागा मात्र तिच्यासाठीच बेतल्यासारखी होती. औषधांच्या कंपनीत, बाहेरून येणारी खोकी तपासण्याची. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. आणि त्याच कंपनीत, मालाचं नियोजन बघायला, घाई होती.

घाई म्हणजे तिची जुनी मैत्रीण. कारखान्यात गाड्या वेळेवर सोडायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून ते नाव. दहा वर्षं दोघी एकाच डब्यातून जेवल्या होत्या. मग एका संध्याकाळी तीनशे खोक्यांचा लॉट नापास झाला, पुठ्ठा ओलसर होता. घाई धावत आली. “अगं, आजच्या दिवस पास कर, गाडी उभी आहे.” नापासबाई सगळ्यांसमोर म्हणाली, “गाडी उभी राहू दे. तू जा इथून.” गाडी गेली नाही, घाईने वरच्यांची बोलणी खाल्ली आणि दोन महिन्यांत नोकरी सोडली. त्यानंतर दीड वर्ष दोघींत अवाक्षर नव्हतं. माल नापास केल्याचं बाईला कधीच वाईट वाटलं नाही. ते “तू जा इथून” मात्र मनात सलत राहिलं.

त्यामुळे घाईला मेल लिहायला बसली तेव्हा काम राहिलं बाजूला आणि ते सगळं बाहेर पडलं. तो ओलसर लॉट, ती उभी गाडी, घाईने केलेली विनवणी, आपलं तोडून बोलणं, त्याची माफी. शेवटी दोन ओळी जागेबद्दल. सोबत रेझ्युमे, फाइलचं नाव ‘नवीन फायनल तीन’.

नवऱ्याने चष्मा कपाळावर सारून वाचलं. “हे पत्र आहे की पंचनामा?”

“मनापासून लिहिलंय.”

“ते दिसतंय गं,” तो म्हणाला आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं.

शनिवारी मेल गेला. सोमवारी उत्तर नाही, मंगळवारी नाही. बाईने मनाशी निकाल लावून टाकला: घाईने माफ केलेलं नाही. बुधवारी ती नवऱ्याला म्हणाली, “मी उगीच तोंड उघडलं.” त्याच दुपारी फोन वाजला.

“तुझा मेल मी पाच वेळा उघडला,” घाई म्हणाली. दीड वर्षानंतरचं हे पहिलं वाक्य. “आणि पाचही वेळा बंद केला. अगं बाई, हा मी पुढे पाठवू कसा?”

“म्हणजे?”

“म्हणजे आमच्याकडे रेफर करायचं तर तुझा मेल तपासणीच्या साहेबांना फॉरवर्ड करायचा. ते तो उघडणार आणि पहिल्याच ओळीत वाचणार की मी नापास माल पास करून घ्यायला आले होते! नियोजनात बसते मी इथे. तुला नोकरी लागायच्या आधी माझी जाईल.”

नापासबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. एकोणीस वर्षं इतरांच्या चुका शोधणाऱ्या बाईला हे सुचलंच नव्हतं, की आपलं पत्र आपल्या मैत्रिणीपाशी थांबायचं नाही. “तो भाग तू काढून टाक ना,” ती कशीबशी म्हणाली.

“कापत बसायला वेळ कुठाय? शिवाय तुझ्याबद्दल काय लिहायचं ते तूच लिही, मी उचलून पाठवते. छोटं. माझ्याशी बोलू नकोस त्यात, अनोळखी माणूस वाचतोय असं समज. विषयात जागेचं नाव, जाहिरातीतला क्रमांक आणि तुझं नाव. आणि हे बघ, त्याच मेलला रिप्लाय करू नकोस, नाहीतर खाली जुनं सगळं चिकटून जाईल. नवा पाठव. उद्या दुपारपर्यंत.” आणि घाईने घाईघाईने फोन ठेवला.

माफीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. ते बाईच्या लक्षात आलं आणि लागलंही.

मग ती पुन्हा बसली. स्वतःबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा. मेहनती लिहिलं, खोडलं. प्रामाणिक लिहिलं, तेही खोडलं. हे काय आपण सांगायचं असतं? शेवटी तिने ओळखीची वाट धरली. मालाचा अहवाल लिहिते तसा स्वतःचा लिहिला. खोकी तपासण्याचा अनुभव एकोणीस वर्षं. दिवसाला साधारण चाळीस चाचण्या. दाब, जाडी, ओलावा तिन्ही मोजता येतात. तीन नव्या मुली शिकवून तयार केल्या. पुढच्या आठवड्यापासून रुजू होता येईल. एकूण सहा ओळी, खाली फोन नंबर. रेझ्युमेची पीडीएफ केली आणि फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव दिलं.

नवऱ्याने वाचून मान हलवली. “पास.”

गुरुवारी सकाळी मेल गेला. दुपारी ती नवऱ्याच्या दुकानात, काचेच्या कपाटामागे बसली होती, तेव्हा फोन थरथरला. घाईने साहेबांना फॉरवर्ड केला होता आणि प्रत तिलाही पाठवली होती. खाली तिच्या सहा ओळी, जशाच्या तशा. वर घाईचं लिखाण:

‘सर, खालचा रेझ्युमे तपासणीच्या जागेसाठी. आम्ही दहा वर्षं एकत्र काम केलंय. एकदा गाडी अडली म्हणून मी हिला नापास लॉट पास करायला सांगितलं होतं. हिने केला नाही. चूक माझी होती. अशी माणसं आपल्याला हवीत, म्हणून पाठवते आहे.’

तिने ते तीनदा वाचलं. मग फोन लावला.

“अगं वेडे, मी एवढं काढून टाकलं, आणि तूच लिहिलंस? साहेब काय म्हणतील?”

“म्हणाले. सोमवारी मुलाखतीला बोलवलंय तुला. मला पण केबिनमध्ये बोलवलंय, ते माझं मी बघेन.”

“पण का लिहिलंस?”

पलीकडे घाईने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“त्या दिवशी तू गेल्यावर मी तुझी वही उघडून बघितली होती,” ती म्हणाली. “लॉट नंबर, आकडा, कारण ओलावा, सगळं होतं. पास करा म्हणायला कोण आलं होतं, तो रकाना तेवढा कोरा ठेवला होतास. एकोणीस वर्षांत तू एवढीच नोंद ठेवली नाहीस. ती मी आज भरली.”