वर्षावास वरच्या मजल्यावर

तानाबाईंनी यंदा वर्षावासाचं ग्रंथवाचन विहारातून उचलून आपल्या घरी, वरच्या मजल्यावर आणलं, तेव्हा देऊळगाव राजातल्या त्यांच्या वस्तीनं कौतुकच केलं. विहाराचं छत गळतं, बायांनी ओलीत कशाला बसायचं, असं त्या म्हणाल्या होत्या. छत गळत होतं हे खरं. पण ते गेल्या पावसाळ्यातही गळत होतं, आणि तेव्हा तानाबाई मध्ये पातेलं मांडून वाचत होत्या.

खरी गोष्ट जिन्याची होती. खालचा मजला भाडेकरूंना दिलेला, राहणं वर. आधी त्या जिन्याच्या वळणावर थांबून पदर नीट करत, मग तिथंच थांबून शेजारणीशी बोलत. पुढं पुढं थांबायला कारणं पुरेनात, तेव्हा त्यांनी उतरणंच सोडलं. भाजी दोरीच्या पिशवीतून वर येऊ लागली. सगळं आयुष्य अंगणवाडीत पोरांमागं धावलेल्या बाईनं गॅलरीतून रस्ता बघायला सुरुवात केली. त्यांची नणंद आजारी ठरली तेव्हा लोकांनी तिच्या हातातून एकेक काम काढून घेतलं होतं, शेवटी तिला कुणी काही विचारीनासं झालं. तानाबाईंना आजारी ठरायचं नव्हतं.

खोकला हटेना म्हणून मुलगा प्रसेनजितनं गावातल्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला जालन्याला पाठवलं.

जालन्याच्या हृदयरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी झाल्यावर तिघांना समोर बसवलं. सून मयुरीही बरोबर होती. हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या तोंडाशी एक झडप असते, ती वयानं कडक होऊन अरुंद झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. तिथून जाणाऱ्या रक्ताचा वेग फार वाढलाय.

"म्हंजे जोर हाय अजून," तानाबाई म्हणाल्या. प्रसेनजितचाही चेहरा जरा सैल झाला.

"आजी, अंगणात पाणी मारताना पाइपाचं तोंड बोटानं दाबलं की धार कशी लांब जाते?"

"जाते ना."

"पाणी वाढतं का त्यानं?"

पाणी वाढत नाही, हे तानाबाईंना ठाऊक होतं.

तसंच हे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वेग जेवढा जास्त तेवढं तोंड अरुंद. त्या फटीतून रक्त ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड झाली आहे. जिना चढताना शरीर जास्त रक्त मागतं, ते फटीतून पुरेसं निघत नाही, मागचा दाब फुप्फुसांवर येतो आणि दम लागतो. अरुंद झालेली झडप गोळीनं उघडत नाही, ती बदलावीच लागते. छाती उघडून, किंवा जमण्यासारखं असेल तर मांडीच्या नसेतून. ते संभाजीनगरला पुढच्या तपासण्या झाल्यावर ठरेल. त्रास सुरू झालेला असेल तर मात्र थांबण्यात धोका आहे.

"तर आता मला नीट सांगा. चढताना दम लागतो?"

"नाही."

"काहीच त्रास नाही तिला," प्रसेनजित लगेच म्हणाला. "घरी रोज ग्रंथवाचन घेते, पंधरा-वीस बाया येतात."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर उचलली. "शेवटचा जिना कधी चढलात, आजी?"

मयुरीनं सासूकडे न बघता सांगितलं, "आषाढी पौर्णिमेपासून आई खाली उतरल्याच नाहीत."

"तुले कोणं विचारलं?"

"कोणीच नाही विचारलं, आई. म्हणून तर इथवर आलं."

प्रसेनजित आईकडे बघतच राहिला. तो रोज त्याच घरातून शाळेत शिकवायला जात होता.

तानाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या बोलल्या ते डॉक्टरीणबाईंशी, मुलाशी नव्हे. "वाचता वाचता बी दम लागतो आता. पान संपलं की खोकल्याचं निमित्त करतो मी."

डॉक्टरीणबाईंनी तिथूनच संभाजीनगरला फोन लावला.

संध्याकाळी घर आलं. ऑपरेशन होईपर्यंत फार चढ-उतार नको, असं बजावलेलं. पण घर तर वरच होतं. आज एकदा चढायचं, मग थेट ऑपरेशनला जायच्या दिवशीच उतरायचं. प्रसेनजित म्हणाला, खुर्चीत बसवून उचलून नेतो. त्यांनी नको म्हटलं. वळणापर्यंत आल्या आणि या वेळी पदराला हात न लावता सरळ पायरीवर बसल्या. वर भिंत, खाली भाडेकरूचं दार. पोटरीत गोळे, छातीवर दगड ठेवल्यागत.

वाचनाच्या बाया आल्या त्या थेट त्यांच्यापुढंच. पांढऱ्या साड्यांची रांग जिन्यावर थबकली. पुढं रुखमाबाई होत्या. "काऊन हो, इथं काऊन बसल्या?"

"दम लागला. चढणं होत नाही मायाच्यानं," तानाबाई म्हणाल्या. बोलायलाही मध्ये थांबावं लागलं. "उद्यापासून वाचन विहारात न्या, रुखमाबाई. तुम्ही वाचा. छत गळन तिथं पातेलं मांडा."

मयुरी वर जाऊन ग्रंथ घेऊन आली, लाल कापडात गुंडाळलेला. वाटेतच सासू बसली होती, म्हणून तिनं तो त्यांच्याच हाती दिला. तानाबाईंनी तो मांडीवर ठेवला, गाठ एकदा चाचपून पाहिली आणि खालच्या पायरीवरच्या रुखमाबाईंपुढं केला.