दोन भाषांतली बकरी

पारोळ्याच्या बाजारपेठेत चंपालालजींचे कापडाचे दुकान आहे. मी बरीच वर्षे त्यांचे जीएसटीचे काम पाहतो, त्यामुळे या माणसाचा एक स्वभाव मला पाठ आहे. खात्री करून घेतल्याशिवाय ते कशावरही सही करत नाहीत. कुरियरवाल्याकडून पाकीट घेतानाही आधी ते त्याच्यासमोर उघडतात, आतले वाचतात, आणि मगच पेन मागतात. कुरियरवाले त्यांचे पाकीट नेहमी सर्वांत शेवटी ठेवतात.

अशा माणसाकडे त्यांची नात चेलना रोज संध्याकाळी सहीसाठी डायरी आणू लागली.

चेलना नववीत आहे. घरी मारवाडी, शाळेत इंग्रजी, बाजारात मराठी, असा तिचा कारभार असल्यामुळे कोणतीच भाषा धड बसलेली नव्हती. शाळेच्या सारिका मॅडमनी उपाय सांगितला. दिवसभरात जे घडले ते रोज सोप्या इंग्रजीत चार-पाच ओळींत लिहायचे. वाक्ये छोटी ठेवायची आणि घडून गेलेले भूतकाळात लिहायचे. मग खाली तेच मराठीत लिहायचे, पण शब्दाला शब्द न लावता, आपण मैत्रिणीला सांगू तसे. त्याखाली घरच्या वडीलधाऱ्याची सही. महिनाभर एकही दिवस न चुकता लिहिणाऱ्या मुलीला स्नेहसंमेलनात दोन्ही भाषांत सूत्रसंचालन करायला मिळणार होते. चेलनाला दुसरे काही नको होते. आरशासमोर कंगवा धरून ती "गुड ईव्हनिंग, नमस्कार" करत असे.

पहिल्याच दिवशी तिने लिहिले होते की आज आईने शेवभाजी केली. चंपालालजींनी घरी फोन लावला.

"आज शेवभाजी होती का?"

"तुम्हीच दोनदा वाढून घेतलीत ना!" पलीकडून त्यांच्या पत्नी हीराबाई म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे. मी खात्री करतोय."

आणि सही झाली. पुढे हे रोजचेच झाले. 'आज खूप थंडी होती' या वाक्यासाठी त्यांनी शेजारच्या हिलाल टेलरला हाक मारून विचारले. हिलालभाई म्हणाले, "शेठ, मी स्वेटर घालूनच बसलोय, लिहून टाका."

महिना संपायला एकच पान उरले होते. त्या दिवशी रविवार होता आणि चंपालालजी वरण-बट्टी जेवून दुकानात आले होते. मी संध्याकाळी कागद घेऊन गेलो तेव्हा चेलना डायरी पुढे करून उभी होती आणि चंपालालजी भिंतीकडे पाहत होते.

"सीएसाहेब, तुम्हीच वाचा," ते म्हणाले. मी सीए नाही, हे मी त्यांना सांगायचे सोडून दिले आहे.

पानावर लिहिले होते:

"Today my grandfather slept in the shop. A goat came in. It ate a blouse piece. Grandfather said, 'Take it, sister, the colour will not run.' The goat took one more."

खाली मराठी होते: "आज दादाजींना दुकानात गाढ झोप लागली. तेवढ्यात एक बकरी आत शिरली आणि तिने ब्लाउजपीस खाल्ला. दादाजी झोपेतच म्हणाले, 'घ्या ताई, रंग जाणार नाही.' मग बकरीने आणखी एक घेतला."

मी हसू दाबले. "भाषा स्वच्छ आहे," एवढेच म्हणालो.

"भाषेचं कोण विचारतंय?" चंपालालजी म्हणाले. "इंग्रजी राहू दे. बाजारात कोण वाचतंय? पण मराठीत बकरीच्या जागी गिऱ्हाईक लिही."

"गिऱ्हाइकाने ब्लाउजपीस खाल्ला असं लिहू?" चेलनाने विचारले.

"खाल्ला नको. पाहिला लिही."

"दादाजी, मॅडम दोन्ही वाचतात. त्या म्हणतात, शब्द बदलले तरी चालतील, घडलेलं बदलायचं नाही. वर बकरी आणि खाली गिऱ्हाईक कसं चालेल?"

"मग वरसुद्धा गिऱ्हाईक कर."

"मग ते खोटं होईल. खोट्यावर तुम्ही सही कराल?"

इथे चंपालालजी अडकले. एवढ्यात हीराबाई डबा घेऊन आल्या. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "बकरी राहू दे गं. झोप तेवढी काढ."

"झोप नव्हतीच ती," चंपालालजींना मार्ग दिसला. "मी डोळे मिटून विचार करत होतो. तसं लिही."

"घोरत विचार करत होता, शेठ," हिलालभाई मशीनवरूनच म्हणाले. "माझा टाका चुकला दोनदा."

"मला आठवत नाही म्हणजे खात्री नाही," चंपालालजी म्हणाले, "आणि खात्री नाही तिथे माझी सही नाही."

चेलनाच्या डोळ्यांत पाणी आले. सही नाही म्हणजे महिना पुरा नाही, आणि सूत्रसंचालन प्रियलला. प्रियल ही तिच्याच वर्गातली आणि तिचे आजोबा न वाचता सही करत.

"मग खात्री करा ना," चेलना हुंदका आवरत म्हणाली. "बकरी चौकातल्या सुपडूआबांची होती."

चंपालालजी उठले आणि स्वतः दुकानाबाहेर जाऊन त्यांनी चौकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "सुपडूआबा! बकरी घेऊन इकडे या!"

सुपडूआबा बकरी घेऊन आले. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे त्यांच्यामागून बाजारही आला. चेलनाने मराठी पान मोठ्याने वाचले. मागच्या लोकांना ऐकू गेले नाही म्हणून तिला पुन्हा वाचावे लागले.

"बठ्ठं खरं शे," सुपडूआबा मान डोलावत म्हणाले. "पन शेठ, तुमीच तिले ताई म्हनात. तिना काय दोष?"

बकरीने तेवढ्यात गादीवरच्या कापडाला तोंड लावले. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "शेठ, ताईंना वरच्या फळीवरचं दाखवा!"

झोपेची गोष्ट चार माणसांत होती, ती आता अख्ख्या बाजारात झाली. चंपालालजींनी शांतपणे पेन मागितले. खात्री झाली होती. त्यांनी इंग्रजीखाली एक आणि मराठीखाली एक अशा दोन सह्या केल्या. मी विचारले, दोन कशाला? ते म्हणाले, "उद्या कोणी एकच भाषा मानली तर?"

चेलनाला सूत्रसंचालन मिळाले. सारिका मॅडमनी तिला मंचावरून डायरीतले एक पान दोन्ही भाषांत वाचायला सांगितले, आणि कोणते ते त्यांनीच निवडले. चंपालालजी पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी.

चेलनाने इंग्रजी वाचले. पुढच्या रांगांतले काही शिक्षक हसले. मग तिने मराठी वाचले आणि सगळा मंडप हसला. मागे उभे असलेले पालक एकमेकांच्या खांद्यावर पडत होते. दोन्ही भाषांत तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. हीराबाई पदराने डोळे पुसत होत्या, ते हसून की आणखी कशाने, हे मी विचारले नाही.

चंपालालजी मात्र गंभीर होते. मला वाटले, मनाला लागले. मी त्यांचा हात दाबला.

"सीएसाहेब," ते कानाशी म्हणाले, "इंग्रजीला फार थोडे हसले. तिकडे पोरगी अजून कच्ची आहे. उद्यापासून पुन्हा लिहायला लावतो."

"आणि लिहायला रोज काही घडायला नको का?" मी विचारले.

"दुकान उघडंच असतं ना," ते म्हणाले.