बारा कांड्या आणि एक घंटा

सिव्ह हेडमार्क बावीस वर्षं एकाच बाकावर काम करत होती. स्वीडनमधल्या त्या गावात अणुभट्टीसाठी इंधनकांड्या बनवायचा कारखाना होता. युरेनियमच्या नखाएवढ्या काळ्या गोळ्या चार मीटर लांब नळीत एकावर एक भरून आल्या, की नळीचं तोंड वितळवून बंद करण्याआधी आत हेलियम भरायचं काम सिव्हचं. एका खेपेला बारा कांड्या. तिच्या शिक्क्याचा आकडा सतरा. बावीस वर्षांत सतरा नंबरची एकही कांडी परत आली नव्हती, आणि उन्हाळ्यानंतर रिकामी होणारी मुकादमाची जागा तिलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. तीही.

त्या गुरुवारी पाळी संपताना तिने रोजच्या सवयीने हेलियमच्या सिलिंडरचा काटा वहीत लिहिला, आणि पेन तसंच हातात राहिलं. दुपारच्या एका खेपेने नेहमीपेक्षा कमी वायू घेतला होता. साधारण पाऊण.

काम ठरलेलं होतं. पंपाने हवा काढायची. ओल उरू नये म्हणून आर्गॉन सोडून आतून धुऊन घ्यायचं. पुन्हा पंप लावून तो आर्गॉन काढायचा. मग हेलियम, चार वातावरणांच्या दाबापर्यंत. सिव्हने डोळे मिटून दुपार आठवली. आर्गॉन सोडला, तेवढ्यात दोनची कॉफीची घंटा झाली. तिथे घंटा झाली की हातातलं टाकून उठायचं. जो उठत नाही त्याला शिष्ट म्हणतात. कॉफी झाली, वेलदोड्याचा पाव झाला, परत येऊन तिने थेट हेलियमची तोटी उघडली. दुसरा पंप राहिला. काटा चारवर आला, पण त्यातला एक हिस्सा आर्गॉनचा होता.

कांड्या तर पुढे पासही झाल्या होत्या. सांध्याचा क्ष-किरण स्वच्छ, गळतीच्या तपासणीत काही नाही. तोंड घट्ट आहे की नाही एवढंच ती तपासणी सांगते. आत काय कोंडलंय, हे नाही. सोमवारी त्या जुडग्यात बांधल्या जाणार होत्या. आत आर्गॉन राहिलाय हे फक्त सिव्हला ठाऊक होतं, आणि वहीतल्या एका आकड्याला.

ती वही घेऊन तशीच टूर्स्टेनकडे गेली. हिशेबाच्या खोलीतला हा लांबुडका, अबोल इंजिनिअर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर पाच वर्तुळं काढली, एकात एक.

"बाहेरचं पाणी दोनशे शहाऐंशी अंश," तो म्हणाला. "भट्टी जोरात असताना नळीच्या अंगापर्यंत येता येता पंधरा-वीस चढतात. नळीच्या जाडीत पंचवीस. धातूच तो, उष्णता अडवत नाही. गोळीच्या आत मात्र पाचशेच्या वर. ती म्हणजे चिनीमातीच. मध्यावर हजाराच्या आसपास."

"आणि फट?"

"गोळी आणि नळीमधली? केसाहून बारीक, तरी तिथे एकशेतीस अंश चढतात. तेही हेलियम असताना, तो उष्णता चटकन पुढे नेतो; आर्गॉन तशी नेत नाही. तुझ्या या भेसळीने सव्वादोनशे तरी होतील."

"म्हणजे शंभराचाच फरक," सिव्ह म्हणाली. तिला तेच ऐकायचं होतं.

टूर्स्टेनने पेन्सिल खाली ठेवली. उष्णता जेवढी तयार होते तेवढी बाहेर पडणारच, म्हणून पाण्याला आणि नळीला काही कळणार नाही, असं त्याने सांगितलं. शंभर चढतील ते गोळीच्या सगळ्या अंगाला. आणि गोळी तापली की तिची उष्णता पुढे ढकलायची ताकद कमी होते, म्हणून मध्य शंभराहूनही जास्त चढणार. तापलेल्या गोळीतून अणू फुटताना तयार होणारा झेनॉन वायू जास्त सुटणार, तो त्याच फटीत साठणार, आणि उष्णता न्यायला तो आर्गॉनहूनही आळशी.

"कदाचित काही होणार नाही," तो म्हणाला. "गोळ्या फुगून फट थोडी मिटतेही. पण मी यावर सही करणार नाही. आणि तू आली नसतीस तर मला कधीच कळलं नसतं."

"ते मला माहीत आहे," सिव्ह म्हणाली. "म्हणून तर जिना चढताना दोनदा थांबले."

शुक्रवारी एक कांडी भोसकून आतला वायू मोजला. शेकडा चोवीस आर्गॉन. बाराही कांड्या कापायच्या ठरलं. गोळ्या पुन्हा वापरता येणार होत्या, नळ्या भंगारात. मुकादम बोर्ये, जो निवृत्त होणार होता, तो कापायच्या यंत्रापाशी तिच्या शेजारी उभा राहिला.

"सिव्ह, जरा थांबायचं होतंस. जागेचा निर्णय येत्या बुधवारी आहे."

"कांड्या सोमवारी जाणार होत्या."

"बाई, तुला तारखांची भारी अक्कल." पण तो हसला नाही.

जागा उल्ला-ब्रिटला मिळाली. सिव्हपेक्षा नऊ वर्षांनी लहान, कामाला चोख. निर्णयाच्या कागदावर कारण लिहिलेलं नव्हतं आणि सिव्हने विचारलंही नाही. घरी नवऱ्याला तिने जेवताना एका वाक्यात सांगितलं आणि बटाटे पुढे सरकवले. भांडी घासताना मात्र बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

पुढच्या आठवड्यात उल्ला-ब्रिट बाकापाशी आली. संकोचलेली होती. भरण्याची कृती नव्याने लिहायची आहे, तू सांग, मी लिहिते, म्हणाली. सिव्हने पहिली ओळ सांगितली: पहिल्या पंपापासून हेलियमपर्यंत कुणी उठायचं नाही, घंटा झाली तरी.

"लोक कुरकुरतील," उल्ला-ब्रिट म्हणाली.

"कुरकुरू देत. आता मुकादम तू होणार आहेस," असं म्हणून सिव्हने पुढच्या बारा कांड्या ओढून घेतल्या.