परदेशात भाजलेला हात

माझं ऑफिस गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, दोन कपाटं आणि पावसाळ्यात फुगणारा दरवाजा. तीस वर्षं मी फौजदारी वकिली करते आहे आणि आता माझं निम्मं आयुष्य पुढच्या तारखेत गेलंय, हे मी कोणी न विचारताही सांगते. त्यातली दहा वर्षं माझा दुपारचा डबा करी रोडच्या एका बाईंकडून यायचा. मालवणकडच्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन बदलापूरला. डबा त्या स्वतः आणून द्यायच्या आणि मी पूर्ण खाते की नाही हे बघत दारात उभ्या राहायच्या.

एक दिवस त्यांनी डब्याबरोबर पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. पांढरा. आपल्या परराष्ट्र सेवेतले एक साहेब दूतावासात बदलून जात होते, त्यांना घरी स्वयंपाकाला माणूस हवा होता, कोणाच्या तरी ओळखीतून यांचं नाव गेलं. पांढरा पासपोर्ट सरकारी कामाला जाणाऱ्यांना मिळतो. चाळीत तो खोल्याखोल्यांतून फिरून आला होता.

"आता तिकडे माका पोलीस पण काय करू शकत नाय," त्या हसत म्हणाल्या.

"ते साहेबांना आणि त्यांच्या घरच्यांना," मी म्हटलं. "तुम्हाला नाही. तुम्ही त्यांच्या घरच्या नोकर. नोकराला ते कवच नसतं."

"माका कित्याक लागता? मी काय चोरी करूक चाललंय?"

मी हसले. त्यांचा करार मी उभ्याउभ्या चाळला आणि म्हटलं, जा, आपलीच माणसं आहेत. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

दीड वर्षाने त्या परत आल्या त्या डब्याशिवाय. उजवा हात पदराखाली. ऑफिसात खुर्चीवर बसल्या आणि पदर बाजूला केला. कोपराच्या आतल्या बाजूला इस्त्रीच्या टोकाचा डाग होता, जाड, तांबूस, अजून ओढल्यासारखा. साहेबांच्या बायकोने केला होता. ब्लाउज करपला म्हणून हात धरून इस्त्री टेकवली. डॉक्टरकडे नेलं नाही, टूथपेस्ट लावली. शेजारच्या बाईने ओरडा ऐकून पोलिसांना फोन केला. पोलीस आले, दाराबाहेर उभे राहिले, साहेबांचं ओळखपत्र बघितलं आणि वहीत काहीतरी लिहून गेले.

"आत पण आले नाय हो," त्या म्हणाल्या. "मी आतून बघत होते."

मी त्यांना समजावलं. राजदूतावासातल्या अधिकाऱ्याच्या घरात तिथल्या पोलिसांना परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्याला आणि त्याच्या घरच्यांना अटक करता येत नाही, तिथल्या कोर्टात फौजदारी खटला भरता येत नाही. हे कवच माणसाचं नसतं, देशाचं असतं. काढायचं तर देशाने काढायचं. त्या देशाने आपल्या सरकारला विचारलं होतं म्हणे. आपण नाही म्हटलं आणि महिन्याभरात साहेबांची बदली दिल्लीला करून टाकली. बाईंना त्याआधीच विमानात बसवून दिलं होतं.

"म्हणजे तिचा कायच होवचा नाय?"

"तिथे नाही. इथे होऊ शकतं. ती भारतीय आहे. आपल्या माणसाने जगात कुठेही गुन्हा केला तरी आपला कायदा त्याला लागतो. कवच तिथल्या कोर्टापासून. आपल्या कोर्टापासून नाही."

बाईंनी पदर पुन्हा हातावर ओढला. मग म्हणाल्या, "माका पैसे नको. तिना जजासमोर उभा रवाक व्हया. जजान तिका इचारूक व्हया, हे काय केलंस?" एवढंच त्यांना हवं होतं. मी वकील म्हणून हजार गोष्टी ऐकल्यात, पण इतकी साधी मागणी क्वचित.

पोलीस ठाण्यात हवालदार सज्जन होता, त्यामुळे आणखी वैताग आला. सज्जन माणसाशी भांडताही येत नाही.

"मॅडम, घटना घडली कुठे?"

मी देशाचं नाव सांगितलं.

"मग झिरो नंबरने घेतो आणि पाठवून देतो."

"कुठे पाठवणार?"

त्याने पेन खाली ठेवलं. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला गुन्हा असला की झिरो नंबरने नोंदवून तिकडे पाठवायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. इथे पाठवायला ठाणंच नव्हतं. मी नव्या कायद्याचं पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. बाहेरच्या देशातला गुन्हा, तो जणू भारतात घडला असं धरून, आरोपी जिथे सापडेल तिथे चालवता येतो आणि आता जिथे नोंदवला जाईल तिथेही. त्याने ते दोनदा वाचलं, आत जाऊन आपल्या इन्स्पेक्टरांना दाखवलं, त्यांनी आणखी वरच्यांना फोन केला. तिसऱ्या फेरीला गुन्हा नोंदला गेला.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "आता माझं काम काय?"

मी दमले होते. तीन दिवस तेच तेच बोलून घसा बसला होता. मी म्हटलं, "तिथल्या घराचा पंचनामा कोणी करणार नाही. साक्षीदार परदेशात. दवाखान्याचा कागद नाही. तुमचा हात हाच आपला पंचनामा. तो डाग सांभाळा, बाकी मी बघते."

सरकारी डॉक्टरांनी डाग तपासला, मोजला, दाखला दिला. फोटो निघाले. सगळं फायलीत लागलं. डाग सांभाळण्याचं ते वाक्य मी तिथल्या तिथे विसरून गेले.

त्यानंतर परवानगी. परदेशातल्या गुन्ह्याचा तपास पोलीस करू शकतात, पण खटला चालवायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते. प्रस्ताव ठाण्यातून वर गेला, वरून मंत्रालयात, मंत्रालयातून दिल्लीला. सहा महिन्यांनी दिल्लीहून शेरा आला: घटनास्थळाचा पंचनामा जोडलेला नाही. मी तो कागद वाचून टेबलावर आपटला. त्या घरात तिथले पोलीससुद्धा शिरू शकले नाहीत म्हणून तर हे प्रकरण आमच्या दारात आलं होतं. तसं उत्तर लिहायला मी हवालदाराला मदत केली. पुढे आणखी एक शेरा आला, आरोपीचा पती शासकीय सेवक असल्याने वेगळी मंजुरी लागते का. लागत नाही. आरोपी बायको आहे आणि इस्त्री टेकवणं हे कोणाचंच सरकारी काम नाही. तेही लिहून दिलं.

या काळात बाई आठवड्यातून एकदा यायच्या. डबा आता त्यांची जाऊ करायची, मीठ जास्त असायचं. "कागद इलो?" एवढं विचारायच्या. मी मान हलवायची. उन्हाळ्यातही हात पदराखाली असायचा. मी वर बघतच नव्हते फारसं. थकव्याची एक सवय लागते, माणूस समोरचं दुःख फायलीच्या जाडीवरून मोजायला लागतो. मी तेच करत होते.

दीड वर्षाने परवानगी आली. आरोपपत्र दाखल झालं, कोर्टाने दखल घेऊन समन्स काढलं. पहिल्या तारखेला बाई माझ्याआधी पोहोचल्या होत्या. नवी साडी, बहुतेक हिंदमाताच्या बाजारातली, आणि मुद्दाम शिवलेला आखूड बाह्यांचा ब्लाउज. सरकारी वकिलांच्या मागे मी बसले, माझ्या बाजूला त्या. उजवा हात मांडीवर, डाग वर करून.

प्रकरण पुकारलं. आरोपीतर्फे वकील उभा राहिला. साहेबांची पुन्हा परदेशात नेमणूक झाली होती, बाईसाहेब सोबत होत्या, आज हजर राहण्यातून सूट मिळावी. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, आजच्यापुरती सूट दिली, पुढच्या वेळी हजर करा म्हणून सांगितलं आणि दीड महिन्यानंतरची तारीख दिली. तीन मिनिटं लागली असतील. आमच्या बाकाकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहण्याचं कारणही नव्हतं.

जिन्यापाशी बाई थांबल्या. "त्यांनी हात बघितलाच नाय."

"आज बघायचा नव्हताच. आरोपी आली, आरोप ठरला, मग साक्ष. तेव्हाही फोटो आहेत, डॉक्टरांचा दाखला आहे."

"फोटो चालतत?"

"चालतात. म्हणून तर काढले."

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक केसपेपर काढून दिला. परळच्या हॉस्पिटलचा. तारीख गुन्हा नोंदवल्यानंतरच्या महिन्यातली. डाग आकसून कोपर वाकडं होत चाललंय, शस्त्रक्रियेने मोकळं करता येईल, रुग्णाला तारीख दिली. खाली दुसऱ्या अक्षरात, रुग्णाने नकार दिला.

मी त्यांचा हात धरून सरळ करायला बघितला. अर्ध्यावर अडला. वीस महिने मी हा हात पदराखाली बघत होते.

"मग तुमी माका सांभाळूक कशाक सांगितलात?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी म्हटलं, जजान बघितल्याशिवाय सरळ केलंय तर केस जायत. लाटणा धरूक येत नाय, तरी म्हटलं, थांबूया. कोणासाठी वाकडो ठेवलंय मी हात?"

मी तीस वर्षं लोकांना सांगत आले की वकिलाचं ऐका. जिन्यावर लोक वरखाली करत होते, एक शिपाई "बाजूला व्हा" म्हणाला, आम्ही बाजूला झालो. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन परळला गेले. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कोपर हलवून बघितलं आणि म्हणाले, तेव्हा केलं असतं तर जवळजवळ पूर्ण सरळ झाला असता. आता बराचसा होईल, पूर्ण नाही. फॉर्मवर "रुग्णाशी नातं" असा रकाना होता. मी काय लिहू म्हणून थांबले, तर बाईच म्हणाल्या, "बहीण लिवा."

ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी कोर्टाच्या तारखेचीच. बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले आणि मला विचारलं, "कोर्टात माझी गरज असा?"

"नाही," मी म्हटलं. "साक्षीच्या दिवसापर्यंत नाही."

हे मी त्यांना गुन्हा नोंदवला त्याच दिवशी, पोलीस ठाण्याच्या पायरीवर सांगायला हवं होतं.