अक्षर पाहून आनंद झाला

माझं शिक्षण दोन इयत्तांचं. पुढं मास्तरानं छडी उगारली आणि मी शाळेच्या मागच्या भिंतीवरून उतरलो, तो परत गेलो नाही. पण वाचता मला येतं, सही मी मराठीत करतो, आणि जे पाहिलं ते मी विसरत नाही.

ती संस्था वर्ध्यात होती. गावोगावी काम करायला तरुण तयार करायचे, त्यांना वर्षभर शिकवायचं, राहायला-जेवायला द्यायचं. स्वराज्य नवं होतं आणि पोरांना काम पाहिजे होतं, त्यामुळं उन्हाळा संपता संपता अर्जांची पोती भरायची. घ्यायचे असायचे मूठभर. बाकीच्यांना नाही म्हणायचं. मी तिथं शिपाई होतो, आणि माझी कहाणी या नाही म्हणण्याचीच आहे.

आधी संस्था कोणाला उत्तरच देत नसे. पोरं दिवाळीपर्यंत वाट पाहायची, दुसरीकडं कामाला लागायची नाहीत, बाप शिव्या द्यायचे. नवे चिटणीस आले, पुण्याकडचे, बारीक आवाजाचे. ते म्हणाले, प्रत्येकाला उत्तर गेलं पाहिजे, लवकर गेलं पाहिजे, आणि त्याला असं वाटलं पाहिजे की आपला अर्ज माणसानं वाचला. आता हे तिन्ही एकत्र कसं जमणार? हातानं लिहीत बसलं तर पोरांची दिवाळी तशीच जाणार. छापून पाठवलं तर ते सरकारी नोटिशीसारखं दिसणार.

त्यावर आमच्या बाबूनं तोड काढली. बाबू म्हणजे कचेरीचा कारकून, नागपूरचा, अक्षर मोत्यासारखं. त्यानं सायक्लोस्टाईलच्या छापयंत्राचा मेणकागद टाइप न करता लोखंडी लेखणीनं हातानं कोरला. "प्रिय बंधू" आणि पुढं नावापुरती मोकळी जागा. मग, "आपला अर्ज मिळाला. जागा थोड्या व अर्ज फार असल्यामुळे या वर्षी आपली निवड करता आली नाही, याचे आम्हांस वाईट वाटते." मग पुन्हा एका ओळीची मोकळी जागा, आणि खाली चिटणिसांची सही, तीही कोरलेलीच. मी यंत्राचा दांडा फिरवायचो, एकेक पोस्टकार्ड हातानं आत सरकवायचो. कार्डाचा कागद गुळगुळीत, शाई लवकर पीत नाही, म्हणून ती सगळी कार्डं मी सतरंजीवर वाळत घालायचो. वाळली की बाबू काळ्या शाईनं, त्याच हातानं, नाव आणि ती एक ओळ भरायचा. दुरून काय, जवळूनही कळायचं नाही की कुठं यंत्र संपलं आणि कुठं माणूस लागला.

ती एक ओळ हीच खरी युक्ती. ओळी ठरलेल्या होत्या चार. पहिली, आपले अक्षर पाहून आनंद झाला. दुसरी, शेतीतला आपला अनुभव मोलाचा आहे. तिसरी, आपल्या गावालाच आपली गरज आहे. चौथी, वय लहान आहे, पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. चिटणीस अर्ज चाळायचे आणि कोपऱ्यात आकडा टाकायचे. बाबू तो आकडा कार्डाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं उतरवायचा, ओळ लिहून झाली की खोडरबरानं पुसायचा.

मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. चार ओळींत इतक्या पोरांची समजूत काढायची म्हणजे एकच सदरा सगळ्या गावाला घालायचा. मी बाबूला तसं बोललोही. तो म्हणाला, "भाऊ, उघडा पाठवण्यापेक्षा सदरा बरा." बोलण्यात तो हुशार होता. बोलण्यात हुशार माणसावर मी भरवसा ठेवत नाही.

त्याच वर्षी कचेरीत दफ्तरीची, म्हणजे कागदपत्रं सांभाळणाऱ्याची, जागा निघाली होती. कायमची जागा, कपाटांच्या किल्ल्या हातात, यंत्र आपल्या ताब्यात. मी रीतसर अर्ज केला होता. दुसरी पास एवढंच त्यात लिहिता आलं. पण यंत्र चालवत होतो मीच. नियम असा की आतला असो की बाहेरचा, उत्तर टपालानं, अर्जावरच्या पत्त्यावर. मी पत्ता गावचा दिला, आंजीचा.

कार्डं गेली, आणि आठवडा झाला नसेल तोच आंजीचे तीन तरुण कचेरीत येऊन उभे राहिले. तिघंही ओळखीचे, एक तर शेजारचा. तो पुढं झाला. चिटणिसांना म्हणाला, "साहेब, माह्यं अक्षर पाहून तुमाले आनंद झाला म्हणे. ते अक्षर आमच्या मास्तरचं हाय. तिघाइचेही अर्ज त्याइनंच लिहून देल्ले."

चिटणीस चष्मा काढून पुसायला लागले. दुसरा म्हणाला, ओळींना नंबर असतात हे आम्हाला माहीत आहे, आमचा नंबर एक होता. कोणाला घ्यायचं ते आधीच ठरलेलं असेल आणि आम्हाला नंबर वाटले असतील. एवढं बोलून तिघं निघून गेले. जाताना शेजारच्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली. ती ओळखीची मान होती, पण चिटणिसांनी पाहिली.

मला आत बोलावलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं.

"तुम्ही आंजीचे ना?"

"हो साहेब."

"नंबरांची गोष्ट या तीन खोल्यांच्या बाहेर कोणाला माहीत आहे?"

मी म्हणालो, ते मला काय माहीत. ते म्हणाले, तुम्ही सांगितलं नाही असं नुसतं म्हणा, मी मानेन. आता मला सांगा, हे काऊन म्हणायचं? ज्यानं केलं नाही त्यानं नाही केलं म्हणून सांगत फिरायचं? मी म्हणालो, "साहेब, शपथा खोटारड्याले लागतात." आणि बाहेर आलो.

त्या दिवसापासून कचेरीची हवाच बदलली. बाबूनं मेणकागदाचं कपाट कुलूपबंद केलं. मी पाणी घेऊन गेलो की समोरचा कागद पालथा व्हायचा. मला वाटलं, यानंच कोणाजवळ तोंड उघडलं असणार आणि आता माझ्या अंगावर ढकलून राह्यला. त्याचा एक भाचा दफ्तरीच्या जागेसाठी आहे असं कोणीतरी बोललं होतं. खरं की खोटं, मी विचारलं नाही. पण चहाच्या कपाचा कान त्याच्याकडं करून ठेवायचो तो मी उलटा ठेवायला लागलो. एवढंच माझ्या हातात होतं.

रविवारी गावी गेलो. बायकोनं तोंड पाहिलं आणि विचारलं. मी सांगितलं नाही, तरी तिनं काढून घेतलं. म्हणाली, त्या पोराले विचारा ना, चार पावलांवर घर हाय. मी म्हणालो, मी कोणाच्या दारात जाणार नाही. मग तिनं चुलीवरूनच कुंपणापलीकडं हाक मारली आणि तोच आमच्या दारात आला.

"कोणं सांगतलं बे तुमाले नंबराचं?" मी विचारलं.

"कोणी नाई काका. कार्डच सांगते."

त्यानं खिशातून कार्ड काढून उन्हात तिरपं धरलं. कोपऱ्यात एकचा आकडा. शिसं पुसलेलं, पण पेन्सिल एवढी दाबून फिरवलेली की कागदात खाच राहिली होती. तिघांच्या कार्डांवर तशीच. आणि ही तीन कार्डं एकमेकांशेजारी आलीच कशी, तर आमच्याकडं टपाल घरोघर जात नसे. डाकवाला चावडीवर बसायचा, कार्ड हातात आलं की मोठ्यानं वाचायचा, ज्याचं त्याला मग द्यायचा. कार्ड उघडंच असते, त्यात लपवायचं काय, असा गावाचा हिशेब. त्यानं पहिलं वाचलं, अक्षर पाहून आनंद झाला. लोकांनी वाहवा केली. दुसरं वाचलं, तेच. तिसऱ्याला चावडी हसायला लागली. आणि ज्यांचं ते अक्षर, ते मास्तर तिथंच पारावर बसलेले. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमचीच निवड करा म्हणा त्याइले."

शेजारचा म्हणाला, काका, कार्ड न्या आणि साहेबाला दाखवा. मी नेलं नाही. मी माझा पुरावा माझ्या हातानं न्यायचा म्हणजे मी आरोपी झालो. मी म्हणालो, तुले बोलायचं असन तर तू जाजो.

तो गेला. मंगळवारी आला, कार्ड टेबलावर ठेवलं, चावडीची हकिकत सांगितली. चिटणिसांनी कार्ड खिडकीशी नेऊन पाहिलं, मग बाबूला दिलं. बाबूनं खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "माझाच हात जड आहे." लगेच कबूल केलं, लपवलं नाही. तेव्हा मला त्याचा थोडा राग आला, कारण माझा संशय वाया गेला.

दोघांनी बसून रीत बदलली, तीही मी पाहिली. पेन्सिल बंद. अर्ज आधी टपालाच्या गावाप्रमाणं लावायचे, आणि एका गावाच्या गठ्ठ्यात एकच ओळ दोनदा जाऊ द्यायची नाही. अक्षराची ओळ कायमची काढून टाकली. तिच्या जागी, बाबू अर्ज चाळताना एका शब्दाखाली रेघ मारायचा, विहीर म्हणा, संत्री म्हणा, रात्रीची शाळा म्हणा, आणि कार्डावर लिहायचा, आपण विहिरीविषयी लिहिले ते लक्षात राहील. वेळ थोडाच जास्त लागायचा. लक्षात राहायचं की नाही, देव जाणे.

माझ्याशी चिटणीस त्याविषयी काही बोलले नाहीत. कपाटाचं कुलूप निघालं, कागद पालथे व्हायचे थांबले. मी कपाचा कान सरळ केला नाही.

पोळ्याला गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी, करीला, चावडीवर बसलो असताना डाकवाल्यानं माझं नाव घेतलं. कार्ड कोरलेलं नव्हतं. सगळं हातानं लिहिलेलं, बाबूच्या नाही, चिटणिसांच्या किरट्या अक्षरात. त्यानं खाकरून मोठ्यानं वाचलं. दफ्तरीच्या जागेला चौथी पास पाहिजे म्हणून मला घेता आलं नाही. आणि शेवटी एक ओळ, "आपल्यावर आम्ही घेतलेला संशय खोटा होता, त्याचा या निर्णयाशी काहीही संबंध नाही."

चावडीवरच्या माना माझ्याकडं वळल्या. मग एक म्हातारा म्हणाला, "कायचा संशय बे?"

आता काय सांगायचं? तोवर गावात कोणाला काही माहीत नव्हतं. बायकोनं आणि त्या पोरानं तोंड शिवून ठेवलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आंजीत चर्चा झाली की मी कचेरीत काय चोरलं असेल. संस्थेनं त्या वर्षात पाठवलेल्या सगळ्या कार्डांत ते एकच कार्ड असं होतं की दुसऱ्या कोणालाही पाठवता आलं नसतं. आणि मी रात्रभर हाच विचार केला, की संबंध नव्हता तर लिहिलं काऊन.

परत कामावर गेलो. चिटणीस माझी वाटच पाहत असावेत. मी पाणी ठेवलं तशी त्यांनी मान वर केली. विचारलं, कार्ड मिळालं?

"मिळालं साहेब. गावालेही मिळालं."

त्यांना उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"ओळ चांगली होती," मी म्हणालो. "पाकिटात घालायची होती."

त्या दुपारी त्यांनी बाबूला पोस्टात पाठवून बंद पाकिटं आणवली. थोडीच, कारण महाग पडायची. दफ्तरीच्या जागेवर पुढं पुलगावचा एक माणूस आला. तो बाबूचा भाचा नव्हता, असं सगळे म्हणतात.