बिनआवाजाचा पेला

तांबटमामांनी जन्मभर तांब्यावर हातोडा मारून अख्ख्या गल्लीचे कान किटवले. म्हातारपणी मात्र साधा चमचा पडला, तरी कानात सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. लोकांना सांगायची लाज वाटे, म्हणून ते कानांत कापसाचे बोळे घालून बसत आणि मामींवर खेकसत, "भांडी आपटू नकोस!"

कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी बोळे काढायला लावले. "सतत शांततेत ठेवलेत, तर कान आणखी हळवे होतील." त्यांनी कानांत छोटी यंत्रं बसवली. त्यांतून नळाच्या धारेसारखा मंद आवाज यायचा, त्रास होणार नाही इतकाच. तो हळूहळू, किंचित किंचित वाढवायचा होता.

वर्ष सरत आलं, तेव्हा मामांनी स्वतःच आवाज नको म्हणून माळ्यावर टाकलेले स्टीलचे पेले काढले. "आता सोसतं गं मला. ठेव की दणकून!"

मामींनी पेला भरून ठेवला. आवाज आलाच नाही. मामांनी वाकून पाहिलं, तर पेल्याखाली मामींची करंगळी होती.

"सवय झालीय हो," त्या ओशाळून म्हणाल्या.

खरं ओशाळायचं कुणी, ते मामांना कळलं. त्यांना मान वर करवेना.