भेंडीची टोकं

मी बडबडी. माहेरी, सासरी आणि अंगणवाडीतही सगळ्यांनी हे मला तोंडावर सांगितलेलं आहे, आणि मी कधी नाकारलं नाही. लहान लेकरांना शिकवायला बोलकी बाई लागते, अशी माझी समजूत होती. मुलांपुढे एखादी वस्तू धरली आणि क्षणभर कुणी बोललं नाही, की माझ्याच जिभेला खाज सुटायची आणि उत्तर मीच देऊन मोकळी व्हायची.

त्या वर्षी दुष्काळ होता. आधीच्या वर्षीही होता. गावातली जनावरं छावणीला गेली, दूध आटलं आणि दूध सोसायटीची खोली रिकामी पडली. आमच्या अंगणवाडीचे पत्रे उडाले होते, म्हणून सोसायटीच्या लोकांनी ती खोली आम्हाला वापरायला दिली. भिंतींना अजून दुधाचा आंबूस वास होता. कोपऱ्यात रिकामे कॅन उभे होते, आणि मुलं त्यांच्यात तोंड घालून हाका मारायची. मला ती खोली फार आवडायची. फरशी गार होती आणि पंचवीस लेकरं ऐसपैस गोल करून बसायची.

पर्यवेक्षिका म्याडमनी त्या महिन्याला विषय दिला होता, भाजीबाजार. आठवडाभराचा आराखडा मी वहीत लिहून काढला. रोज गोलात बसलं की आधी गाणं. मग पिशवीत हात घालून, न बघता, हाताला काय लागतं ते सांगायचं: गुळगुळीत, खरखरीत, लांब, वाटोळं. मग भाजी बाहेर काढून तिचं नाव. एका दिवशी नवे शब्द चार-पाचच, पण तेच गाण्यात, खेळात, गप्पांत पुन्हा पुन्हा यायला हवेत. शेवटच्या दिवशी गोलातच बाजार भरवायचा. आराखड्यात एका ओळीखाली म्याडमनी लाल रेघ मारली होती. ती ओळ अशी, की चित्रं नंतर दाखवा, आधी खरी भाजी हातात द्या.

खरी भाजी आणायची कुठून? ज्या दोन-चार विहिरींना पाणी होतं, तिथलीच काय ती भाजी, आणि ती सोन्यासारखी जपलेली. शेवटी मी एका आजीकडे गेले. त्या या विहिरींवरच्या मळ्यांतून भाजी उचलून युसूफ वडगावच्या बाजारात बसायच्या. त्यांची चार वर्षांची नात माझ्याच अंगणवाडीत होती. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, त्यामुळं ती आजीजवळच.

या पोरीनं माझी झोप उडवली होती. दोन महिने झाले, गोलात तिनं एक शब्द काढला नव्हता. गाण्यात टाळी नाही, हजेरीला "हाय" नाही. विचारलं की डोळे मोठे करून बघायची. आजी म्हणायच्या, "घरी लई बोलती वो बाई, कान खाती माझे." मला वाटायचं, आजीचं मन आहे, दुसरं काय म्हणणार. मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी लिहून दिली. त्यात वाईट काही नव्हतं, पण आजींनी ती घेताना हात मागं ओढला.

"नेते," त्या म्हणाल्या. "पण मुकी हाय म्हून लिवून दिलं, तर जन्माचं नाव पडंल लेकराला. ह्या आठवड्याला थांबा."

मी थांबले. आठवडाभर रोज सकाळी त्यांनी मला भेंडी, काकडी, कांदे आणि दोन दोडके दिले. "दाखवून झालं की द्या माघारी. दुपारच्याला बाजाराला न्यायचं हाय."

गाणं मीच जुळवलं होतं, झोक्याच्या गाण्याच्या चालीवर:

आली आली भेंडी आली, टोपलीत बसली,
काकडीबाई घसरली, कांद्याला हसली!

घसरली म्हटलं की पोरं खरंच फरशीवर लोळायची. शेवटच्या दिवशीही गाण्यानंतर पिशवी फिरली. एकानं दोडक्याच्या शिरांवर बोट फिरवून "हे टोचतंय" म्हटलं. मी म्हटलं, "हो, टोचतंय, खरखरीत आहे." मुलाचंच बोलणं उचलून त्यात एक नवा शब्द घालायचा, ही रीत मला छान जमायची. पिशवी त्या पोरीजवळ आली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. रोजचंच. मी पिशवी पुढच्याला दिली.

मग बाजार. सगळी भाजी टोपलीत मांडली. मी तिलाही पिशवी देऊन गिऱ्हाईक केलं. ती टोपलीसमोर नुसती उभी राहिली. मला वाटलं, हिला आवाज ऐकवू, आवाजानं तरी काही बोलेल. बाजारात आपण सगळ्याजणी करतो तेच मी केलं. भेंडी उचलली आणि कोवळी आहे का बघायला तिचं टोक मोडलं. कट्!

"कसा आवाज आला?" मी विचारलं.

"कट्!" पोरं ओरडली. मला चेव आला. दुसरी मोडली. तिसरी मोडली. उसनी आणलेली भाजी आहे, हे मी पार विसरले.

"मोडू नका!"

खणखणीत आवाज. मी वळून पाहिलं. ती पिशवी टाकून टोपलीच्या पलीकडं जाऊन बसली होती, मांडी घालून, टोपलीवर आडवा हात धरून.

"मोडली की घ्यावी लागती," ती म्हणाली. "न्हाईतर हात लावू नका."

माझ्या तोंडात पटकन दहा वाक्यं आली. शाब्बास, बघा कशी बोलली, अजून काय म्हणतेस... आयुष्यात पहिल्यांदा मी ती सगळी गिळली. मी गिऱ्हाईक आणि ती बाजारवाली, एवढंच राहू दिलं.

"मग कोवळी आहे का, कसं कळणार?" मी विचारलं.

"मी सांगती ना. ही कोवळी. ही निबर, ही बियाची हाय. तुमी ही घ्या." आणि काकडी उचलून म्हणाली, "हिला नख लावू नका. नख लावलं की सुकती."

कोवळी, निबर, सुकती. माझ्या आराखड्यात यातला एकही शब्द नव्हता. मला लाज वाटली आणि आनंदानं भरूनही आलं. दोन महिने मी तिला नुसती शब्द घेणारी समजत होते, आजही गिऱ्हाईकच केलं. ती जन्मापासून टोपलीच्या त्या बाजूला बसलेली.

तेवढ्यात आजी भाजी न्यायला दारात आल्या. नात बाईला दटावतेय हे ऐकून त्या तिथूनच कडाडल्या, "गप! बाईला असं बोलत्यात व्हय? किती डाव सांगितलं, गिऱ्हाइकाम्होरं तोंड उघडायचं न्हाई, हात लावायचा न्हाई!"

पोर एका क्षणात मिटली. दोन्ही हात पाठीमागं गेले.

आजींनी नातीकडं पाहिलं, तिच्या पाठीमागच्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर पदर धरला. त्या आत आल्या, फरशीवर टेकल्या, अगदी गिऱ्हाइकाच्या जागी, माझ्याशेजारी.

"बोल माय," त्या म्हणाल्या. "काय म्हणत व्हतीस? बोल."

आम्ही दोघी वाट बघत बसलो. मला ते किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

मग तिनं एक हात पुढं काढून माझ्याकडं बोट केलं.

"आज्जी," ती म्हणाली, "ह्या बाईला आपली भेंडी द्यायची न्हाई. लई मोडती."